वेल्डिंगची ठिणगी आणि पॅकिंगचा ढीग: फायर वॉचला पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

वर्कशॉपला नवीन लागलात की पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी हाक मारतं, "ए, इकडे ये, वेल्डिंग चालू आहे, जरा लक्ष ठेव." हातात आग विझवायचा एक लाल सिलिंडर देतात आणि निघून जातात. हे लक्ष ठेवणं म्हणजेच फायर वॉच. नक्की कशावर लक्ष ठेवायचं, कुठे उभं राहायचं, किती वेळ, हे कुणी सांगत नाही. बहुतेक पोरं मग वेल्डरच्या बाजूला उभी राहून वेल्डिंग बघतात, म्हणजे जिथे आग लागायची शक्यता सगळ्यात कमी तिथेच नजर. म्हणून हे सगळं लिहितोय. आयटीआय करून आलेले, हेल्पर म्हणून लागलेले, किंवा नवीन सुपरवायझर झालेले आणि हॉट वर्कच्या, म्हणजे ठिणगी उडणाऱ्या कामाच्या, परमिटवर सही मारायला बसवलेले, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, पुढचं सगळं तिच्याच आधाराने. पुण्याकडच्या एका एमआयडीसीतलं छोटं युनिट, नाव सांगत नाही. पुढे फॅब्रिकेशन, मागे असेंब्ली, आणि दोघांच्या मध्ये पत्र्याचं पार्टिशन. पार्टिशनच्या पलीकडे पॅकिंगचा माल: पुठ्ठ्याच्या खोक्यांचे न उघडलेले गठ्ठे लाकडी पॅलेटवर रचलेले, शेजारी बबल रॅपचे दोन मोठे रोल, थर्माकोलच्या शीट, स्ट्रेच फिल्म. अलीकडे कॉलमला एक ब्रॅकेट मारायचा होता, साधारण अडीच मीटर उंचीवर, पार्टिशनपासून तीनेक मीटर लांब. काम अर्ध्या तासाचं. जमिनीवर झाडून घेतलं, तेलाचा डबा हलवला, एक हेल्पर सीओटूचा सिलिंडर घेऊन शेजारी उभा. काम १२:४० ला संपलं, हेल्परने विचारलं "दादा, झालं ना? जेवायला जाऊ का?" आणि सगळे १ वाजता कँटीनला गेले. १:२५ ला पॅकिंगचा एक मुलगा डबा ठेवायला आत आला तेव्हा पार्टिशनच्या मागून धूर येत होता.

म्हणजे ठिणगी पडली तेव्हा काहीच झालं नाही, आणि आग दिसली ती ४५ मिनिटांनी. या पाऊण तासात काय झालं ते कळलं की फायर वॉचचे निम्मे नियम आपोआप कळतात.

ठिणगी जाते कुठे

वेल्डिंगमध्ये उडतो तो स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे बारीक गोळे. लोखंड वितळतं १५०० डिग्रीच्या आसपास, तेव्हा उडताना गोळा तेवढा गरम असतो. पुठ्ठा पेट घ्यायला साधारण अडीचशे डिग्रीच्या आगेमागे उष्णता पुरते. म्हणजे गोळा लांब जाऊन निम्म्याहून जास्त थंड झाला तरी त्याच्यात काम बिघडवण्याइतकी उष्णता शिल्लक असते. आणि तो गोल असतो, हे लोक विसरतात. जमिनीवर पडला की तिथेच बसत नाही, टप्पा खातो, घरंगळतो, आणि पार्टिशनच्या खालची फट, फरशीतली खाच, बोल्ट काढून रिकामं राहिलेलं भोक, असं जे सापडेल त्यातून पलीकडे जातो. वरच्या केसमध्ये पत्र्याखाली दोन बोटं फट होती, बस.

उंचावरचं काम असेल तर आणखी लांब जातो कारण खाली पडेपर्यंत पसरायला वेळ मिळतो. गॅस कटिंगचा स्लॅग, म्हणजे कापताना गळणारा वितळलेला मळ, तर स्पॅटरपेक्षा मोठा, जड, आणि जास्त वेळ गरम राहणारा, त्यामुळे "कटिंग थोडंसंच आहे" म्हणून परमिट टाळणारा माणूस दिसला की मला जास्त भीती वाटते. ग्राइंडरच्या ठिणग्या बारीक असतात आणि लवकर विझतात, पण एकाच जागी धारेसारख्या पडत राहिल्या तर त्याही चिंध्या आणि धूळ पेटवतात, तेव्हा ग्राइंडिंग हे पण हॉट वर्कच धरायचं.

याच सगळ्यामुळे कामाच्या जागेपासून चहूबाजूंनी ११ मीटर, म्हणजे ३५ फूट, जळणारं काही नको असा जगभर वापरला जाणारा नियम आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षेच्या संस्थेच्या हॉट वर्कच्या नियमांत तो आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या परमिट फॉर्मवर तोच आकडा छापलेला असतो. लक्षात ठेवा, हे ११ मीटर भिंतीपाशी संपत नाहीत. पार्टिशनच्या पलीकडे, वरच्या माळ्यावर, खालच्या पिटमध्ये, सगळीकडे मोजायचे.

आता पुठ्ठा ४५ मिनिटं काय करत होता? न उघडलेल्या खोक्यांच्या गठ्ठ्यात आतल्या नागमोडी कागदामुळे हजारो बारीक नळ्या तयार झालेल्या असतात. गोळा गठ्ठ्याच्या खालच्या कडेत अडकला की तिथला कागद ज्वाळा न करता काळा पडत धुमसायला लागतो, हवा थोडीथोडीच मिळते म्हणून पेटत नाही आणि नळ्यांतून अगदी थोडी मिळतेच म्हणून विझतही नाही. धुमसणं आत आत सरकत राहतं. मग कधीतरी कडेपर्यंत येतं, मोकळी हवा मिळते, आणि चुलीत फुंकणी मारल्यासारखी एकदम ज्वाळा उठते. त्यात शेजारी बबल रॅप आणि थर्माकोल असेल तर खेळ बदलतो, कारण ही मंडळी धुमसत बसत नाहीत. थर्माकोल शंभरेक डिग्रीलाच आकसून वितळायला लागतं, मग जळते थेंब खाली टपकतात आणि काळा दाट धूर होतो. पुठ्ठा आग जपून ठेवतो आणि प्लॅस्टिक ती पसरवतं, ही जोडी एकत्र साठवलेली असते हीच पॅकिंग स्टोअरची अडचण.

काम सुरू व्हायच्या आधी

पहिला प्रश्न वेल्डिंगबद्दल नाही, तर हे काम इथेच करायला पाहिजे का? ब्रॅकेट बाहेर शेडमध्ये वेल्ड करून आत बोल्टने बसवता आला असता तर वर सांगितलेली गोष्ट घडलीच नसती. हे विचारायला लाजू नका, सीनियर वेल्डर पण बऱ्याचदा म्हणतो "हो यार, बोल्टिंग चालेल की."

इथेच करायचं असेल तर माल हलवा. ढीग झाकण्यापेक्षा हलवणं केव्हाही चांगलं, पॅलेट ट्रॉलीने दहा मिनिटांचं काम आहे. जे हलतच नाही त्यावर वेल्डिंग ब्लँकेट टाका, आणि ते खालपर्यंत जमिनीला टेकलं पाहिजे, कारण गोळा खालूनच येतो. ताडपत्री चालत नाही, ती स्वतःच जळते किंवा तिला भोक पडतं. ओलं गोणपाट आपल्याकडे सर्रास वापरतात. अगदीच दुसरं काही नसेल तर ठीक, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते वाळायला वेळ लागत नाही आणि वाळलेलं गोणपाट म्हणजे स्वतःच धुमसणारा माल झाला. शिवाय वेल्डिंग केबलच्या आसपास पाणी सांडवत बसणं मला पटत नाही.

मग फटी. पार्टिशनच्या खाली ब्लँकेटची वळी करून दाबून बसवा, भोकं पत्र्याच्या तुकड्याने झाका. जमीन झाडून घ्या, आणि झाडलेला कचरा कोपऱ्यात न ठेवता बाहेर न्या. कॉटन वेस्ट, तेलकट चिंध्या, लाकडाचा भुसा, हे पुठ्ठ्यापेक्षाही वाईट धुमसतात.

एक गोष्ट परमिटवर सहसा नसते पण बघत जा: वेल्डरने अर्थिंगचा क्लॅम्प कुठे लावलाय. तो जॉबवरच, वेल्डिंगच्या जवळ पाहिजे. लांबच्या कुठल्या तरी कॉलमला किंवा रॅकला लावला की करंट परतीच्या वाटेवर ढिले जॉइंट शोधत जातो आणि तिथे तापतो, ठिणगी मारतो. आणि तो ढिला जॉइंट नेमका पॅकिंगच्या रॅकचा असू शकतो, जिथे कुणाचंच लक्ष नसतं.

स्मोक डिटेक्टर असेल तर धुराने वाजू नये म्हणून त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. बांधा, पण कोणत्या डिटेक्टरला बांधली ते परमिटवर लिहा, आणि ती काढल्याशिवाय परमिट बंद करू नका. पिशवी तशीच महिनोन्महिने राहिलेली मी पाहिलेली आहे.

फायर वॉचला उभं राहायचं म्हणजे

तुमचं काम एकच, आग बघणं. वेल्डरला रॉड देणं नाही, जॉब पकडणं नाही, मोबाईल तर नाहीच. वेल्डर स्वतः हे करू शकत नाही कारण त्याच्या तोंडावर काळी काच असते, त्याला आर्कशिवाय काही दिसत नाही. त्याच्या पायाशी आग लागली तरी त्याला उशिरा कळतं.

उभं कुठे राहायचं? जिथून ठिणगी पडायची जागा दिसते तिथे. जिथे ठिणगी निघते तिथे उभं राहून उपयोग नाही. आणि पार्टिशन, भिंत किंवा माळा मध्ये आला तर एका माणसाने होत नाही, पलीकडे दुसरा पाहिजे. वरच्या केसमध्ये हेल्पर प्रामाणिकपणे उभा होता हो, पण पत्र्याच्या अलीकडे, त्याला पलीकडचा पुठ्ठा दिसतच नव्हता. सुपरवायझरने माणूस दिला नाही तर "मला पलीकडचं दिसत नाही, अजून एक जण द्या" एवढं बोलायचं. फायर वॉचला काम थांबवायचा अधिकार असतो आणि तो परमिटवर लिहिलेला असला की बोलणं सोपं जातं, त्यामुळे नवीन सुपरवायझर लोकांनो, तेवढी एक ओळ फॉर्मवर टाकाच.

हाताशी काय पाहिजे ते पुढे येतंच, पण उभं राहायच्या आधी हे बघून ठेवा: बाहेर जायचा रस्ता कुठला आणि तो मोकळा आहे का, वेल्डिंग मशीनचा आणि त्या भागाचा मेन स्विच कुठे, गॅस सिलिंडर कुठे उभे आहेत, आणि आरडाओरडा केला तर ऐकणार कोण. फायर ब्रिगेडचा १०१, नाही लागला तर ११२. पत्ता पाठ असू द्या, प्लॉट नंबर आणि ब्लॉकसकट. एमआयडीसीत "कमानीच्या पुढे डावीकडे" सांगून बंब वेळेवर येत नाही.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते म्हणजे काम संपल्यानंतरचा वेळ. पूर्वी अर्धा तास थांबायची पद्धत होती आणि जुन्या फॉर्मवर अजूनही ३० मिनिटं छापलेली असतात. एनएफपीएने २०१९ च्या आवृत्तीत तो वेळ एक तास केला. वरच्या केसमधला ४५ मिनिटांचा हिशेब लावून बघा, अर्धा तास थांबून हेल्पर गेला असता तरी धूर त्याच्या मागेच निघाला असता. तर शेवटची ठिणगी पडल्यापासून पूर्ण एक तास सलग थांबायचं. पुठ्ठा, भुसा, कापूस, फोम असलं काही आसपास असेल तर त्यानंतरही पुढचे दोनतीन तास दर अर्ध्या तासाने एक चक्कर मारायची. हे दुसरं काम वॉचमन करू शकतो, फक्त त्याला कुठे बघायचं ते जागेवर नेऊन दाखवा, नुसतं फोनवर सांगू नका.

यावरून वेळेचं गणित पण ठरतं. जेवणाच्या सुट्टीच्या किंवा शिफ्ट सुटायच्या अगदी आधी हॉट वर्क संपवायचंच नाही. सुट्टी १ ला असेल तर वेल्डिंग ११:४५ ला थांबलं पाहिजे. नाहीतर फायर वॉचचा डबा जागेवर आणून द्या किंवा बदली माणूस द्या. शनिवारी संध्याकाळी "उरकून टाकू" म्हणून केलेलं वेल्डिंग, आणि मग रविवारभर बंद शेड, याला मी तरी सही करत नाही.

त्या एका तासात नुसतं उभं राहून लांबून बघणं पुरत नाही. दर दहापंधरा मिनिटांनी ढिगाजवळ जा. आधी वास घ्या, धुमसणाऱ्या पुठ्ठ्याचा वास धूर दिसायच्या आधी येतो, जळक्या कागदाचा, थोडा उग्र, नाकात टोचणारा. मग हाताची मागची बाजू ढिगाच्या कडेजवळ न्या, तळव्यापेक्षा तिला ऊब लवकर कळते. खालच्या कडेला तपकिरी डाग दिसला तर गठ्ठा सोडवून पानं वेगळी करून बघा, पण पाणी हाताशी ठेवून, कारण उघडल्याबरोबर हवा मिळून ज्वाळा येऊ शकते. लेझरवाली टेंपरेचर गन असेल तर वापरा, पण ती फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, गठ्ठ्याच्या पोटातलं नाही. गनवर ३५ दिसले म्हणून निर्धास्त झालात तर फसाल.

एक्स्टिंग्विशर: कुठला आणि कसा

त्या दिवशी पॅकिंगच्या मुलाने आरडाओरडा केला, दोघे धावत आले, आणि जो सिलिंडर समोर होता तो उचलला. तो होता सीओटू, तोच वेल्डिंगच्या वेळचा. मारला, ज्वाळा विझली, सगळे हुश्श म्हणाले, आणि मिनिटाभरात परत पेटलं. मग एबीसी पावडरचा ६ किलोचा आणला. पहिल्याने नुसता फुस्स केलं, प्रेशरचा काटा लाल पट्ट्यात होता, कुणी बघितलंच नव्हतं. दुसरा चालला, ज्वाळा बसली, पण धूर येतच राहिला. शेवटी पाण्याच्या बादल्या आणि नळी आणून गठ्ठे एकेक ओढून बाहेर काढून भिजवले तेव्हा ते संपलं. बंब पोचला तोवर धूरच उरला होता, तरी त्यांनी थांबून अख्खा ढीग उलथून बघितला, आणि तेच बरोबर.

सीओटू का फसला? तो हवा हटवतो, पण थंड करत नाही म्हणावं इतपतच करतो. पुठ्ठ्याच्या आतला निखारा तसाच राहतो, गॅस उडून गेला की पुन्हा हवा, पुन्हा आग. सीओटू इलेक्ट्रिक पॅनेलसाठी ठेवा. वेल्डिंग मशीन असतं म्हणून लोक सीओटू आणतात, पण जळणार असतो पुठ्ठा. शिवाय त्याच्या भोंग्याला उघड्या हाताने धरू नका, थंडीने कातडी भाजते.

पुठ्ठा, लाकूड, कापड हा ए वर्ग. त्याला पाणी किंवा एबीसी. आपल्याकडे पावडरच्या सगळ्याच सिलिंडरना डीसीपी म्हणायची सवय आहे, पण जुन्या साध्या डीसीपीत सोड्याची पावडर असते आणि ती तेल, गॅसच्या आगीला चालते, पुठ्ठ्याच्या निखाऱ्याला नाही. लेबलवर एबीसी लिहिलेलं आहे का ते वाचा. एबीसीची पावडर तापून वितळते आणि जळत्या पृष्ठभागावर थर धरते, म्हणून ती ए वर्गाला चालते. पण थर वरच्या पुठ्ठ्यावर धरणार, गठ्ठ्याच्या पोटात नाही. म्हणून पॅकिंगजवळच्या फायर वॉचला दोन गोष्टी लागतात: ज्वाळा बसवायला ६ किलोचा एबीसी, आणि नंतर आत भिजवायला पाणी, ९ लिटरचा वॉटर टाइप सिलिंडर किंवा चालू नळाला जोडलेली नळी. पाण्याआधी त्या भागाचा मेन स्विच पाडायचा, हे सांगायला नको पण घाईत नेमकं हेच राहतं.

वापरायची पद्धत. सिलिंडर उचलायच्या आधी ओरडा, एकट्याने हिरो व्हायचं नाही. काट्याकडे नजर टाका, हिरव्यात पाहिजे. पाठ दरवाज्याकडे ठेवून आगीपासून अडीचतीन मीटरवर उभे राहा. पिन काढा, पिनेला प्लॅस्टिकचं सील असतं ते पिरगळून तुटतं. पिन काढताना हँडल दाबून धरू नका, दाबलं की पिन अडकते आणि घाईत माणूस अजूनच जोरात दाबतो. नळी हातात घट्ट, जागेवरच एक छोटा फवारा मारून चालतोय का बघा, मग पुढे व्हा. ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडाशी मारा, आणि डावी-उजवी करत कडेपासून आत सरका. पॅकिंगच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट म्हणजे खूप जवळून मारू नका, पावडरच्या जोराने जळते पुठ्ठ्याचे आणि फिल्मचे तुकडे उडून दुसरीकडे पडतात. जुना कार्ट्रिज टाइप असेल तर त्याला काटा नसतो, पिन काढून वरचा नॉब ठोकावा लागतो, तुमच्याकडे कुठला आहे ते आजच जाऊन बघा.

६ किलोचा सिलिंडर पंधरावीस सेकंदांत संपतो. ऐकायला बरा वाटतो हा वेळ, प्रत्यक्षात पापणी लवेपर्यंत जातो. म्हणून मर्यादा आधीच ठरवून ठेवा. एक सिलिंडर संपला आणि आग बसली नाही, किंवा ज्वाळा तुमच्या उंचीच्या वर गेली, किंवा काळा धूर खाली येत येत डोक्याच्या पातळीला आला, यातलं एक जरी झालं तरी बाहेर पडा आणि दार, शटर ओढून घ्या. थर्माकोल आणि फिल्मच्या धुरात चारदोन श्वासांत माणूस भोवंडतो. आणि आसपास ऑक्सिजन किंवा डीए, म्हणजे ॲसिटिलीन गॅसचे, सिलिंडर असतील तर जमलं तर व्हॉल्व्ह बंद करून लांब न्या, नाही जमलं तर सोडून द्या आणि फायर ब्रिगेडला आल्याआल्या पहिलं तेच सांगा. आगीत तापलेला डीए सिलिंडर आग विझल्यावरही धोक्याचा असतो, त्याला हात लावायचा नाही.

नुकसान शोधताना

आग विझली की सगळे जळलेल्या ढिगाचा फोटो काढतात आणि म्हणतात, चला, दोनच पॅलेट गेले. वरच्या केसमध्ये जळालेली जागा खरंच छोटी होती, अंदाजे दोन मीटर बाय दीड मीटर. पण पुढच्या आठवडाभरात जे सापडत गेलं ते त्याहून महाग होतं.

ढिगाच्या बरोबर वरून केबल ट्रे गेला होता. केबल जळाल्या नव्हत्या, नुसत्या काळ्या झालेल्या, पुसल्या की चांगल्या दिसायच्या. वाकवून बघितल्यावर इन्सुलेशन कडक होऊन तडकत होतं. तो तुकडा बदलावा लागला, आणि बाकीच्या केबल मेगर मारून, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासल्याशिवाय सप्लाय दिला नाही. पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि ओलसर हवेत त्याचं ॲसिड होतं, ते लोखंडावर बसतं. शेजारच्या रॅकवर मशीनिंग केलेले शाफ्ट होते, आगीपासून चांगले पाचसहा मीटर लांब, त्या दिवशी स्वच्छ दिसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर गंजाचे ठिपके. लगेच पुसून तेल लावलं असतं तर बरेचसे वाचले असते.

दुसरं नुकसान आपण स्वतः करतो ते, पावडरचं. एबीसीची पावडर पिठासारखी बारीक असते आणि सगळीकडे घुसते, पॅनेलच्या फॅनमधून आत, ड्राइव्हच्या कार्डांवर, बेअरिंगच्या उघड्या बाजूला. तापलेली किंवा ओली झाली की ती आम्ल होते आणि तांब्याला, ॲल्युमिनियमला खाते. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, "बघू चालतंय का" म्हणून पॅनेल चालू करणं, आणि दुसरी, कंप्रेसरच्या हवेने झाडणं, त्याने पावडर अजून आत जाते. सप्लाय बंद ठेवून व्हॅक्यूमने ओढायची, कोरड्या ब्रशने उरलेली काढायची, आणि इलेक्ट्रिशियनने बघितल्यावरच चालू करायचं. होईल तितकं त्याच दिवशी, पावसाळ्यात तर नक्कीच.

पाण्याचंही तसंच. खालच्या पॅलेटवरचे गठ्ठे वरून कोरडे आणि खालून भिजलेले निघतात, न जळलेल्या खोक्यांना धुराचा वास लागतो आणि त्यात माल भरून पाठवला की कस्टमर परत पाठवतो. विझवण्यानेच मोठं नुकसान झाल्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जळालेलं नॉर्मंडी जहाज. कटिंगच्या ठिणग्या कापोक हा कापसासारखा तंतू भरलेल्या लाइफ जॅकेटच्या ढिगाऱ्यावर पडल्या, आणि आग विझवायला ओतलेल्या पाण्याच्या वजनाने ते अजस्र जहाज कलत कलत धक्क्यालगतच आडवं झालं. आपल्या शेडचं असं होणार नाही, पण माळ्यावर भिजलेला पुठ्ठा असेल तर त्याचं वजन केवढं वाढतं ते एकदा उचलून बघा, आणि खाली उभं राहू नका.

सुरुवात कुठून झाली हे शोधायचं असेल तर साफसफाईच्या आधी, सगळ्या बाजूंनी फोटो काढून मगच हात लावा. सगळ्यात खाली कुठे जळलंय ते बघा, पार्टिशनच्या पत्र्यावर खालून वर रुंद होत गेलेला इंग्रजी व्ही सारखा डाग दिसतो का बघा, त्याचं टोक बहुधा सुरुवातीकडे दाखवतं. मग राखेतून लोहचुंबक फिरवा. त्या केसमध्ये पॅलेटच्या खालच्या फळीपाशी मोहरीएवढे काळे गोळे चुंबकाला चिकटले, पार्टिशनच्या फटीच्या अगदी रेषेत. पण नुसते गोळे सापडले म्हणजे सिद्ध झालं असं नाही हं, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जुन्या कामांचे गोळे कुठेही पडलेले असतात. गोळे, डागाचं टोक, फट, आणि कामाची वेळ, हे चारही एका रेषेत आले म्हणून तिथे खात्री पटली. वायरिंगचं शॉर्ट सर्किट नाही ना हेही इलेक्ट्रिशियनने वेगळं तपासलं होतं, कारण इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारतो.

सर्व्हेअर येईपर्यंत जळलेला माल फेकू नका, एका बाजूला ताडपत्रीखाली ठेवा. परमिटची मूळ कॉपी, त्यावरच्या वेळा, फायर वॉचचं नाव, सगळं त्याला लागतं, आणि परमिट नंतर भरलेलं असलं की वेळांवरून लगेच कळतं.

वापरलेले सिलिंडर, अगदी एकच फवारा मारला असला तरी, परत खुंटीला टांगू नका. एकदा व्हॉल्व्ह उघडला की त्यात पावडर अडकून प्रेशर हळूहळू जातं, आणि तो फुस्स करणारा सिलिंडर बहुधा असाच कधीतरी वापरून परत टांगलेला होता. त्याला आडवा ठेवून वर "रिकामा" अशी चिठ्ठी लावा, रीफिलला पाठवा, आणि तो परत येईपर्यंत त्या जागी दुसरा आणून ठेवा. दुसरा मिळेपर्यंत त्या भागात हॉट वर्क बंद.